मोरीतला उजेड

शनिवारी सकाळी मुलगा आणि सून भाजी आणायला बेडोकच्या मार्केटात गेल्याबरोबर सविताबाई पोंक्षे यांनी स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं उचललं, मोरीत गेल्या आणि खिडकीवर चिकटवलेल्या काळ्या फळीच्या कडेखाली ते घुसवलं. फळी प्लास्टिकची होती. मुलानं, चारुदत्तनं, ती दुहेरी चिकटपट्टीनं अशी पक्की बसवली होती, की जणू घर समुद्राखाली जाणार होतं. सविताबाईंनी घाई केली नाही. तव्याला चिकटलेलं धिरडं सोडवावं तशी त्यांनी एकेक कड सोडवली. पंधराव्या मिनिटाला फळी सुटून बेसिनवर आदळली आणि तीन आठवड्यांनी त्या मोरीत सकाळ झाली.

घरातले सगळे तिला बाथरूम म्हणत. सविताबाई मोरीच म्हणत.

त्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत राहिल्या. जमिनीचा जाळीकडे जाणारा उतार दिसत होता. उंबऱ्याची कड दिसत होती. साबण कुठे संपतो आणि साबणाची डबी कुठे सुरू होते तेही दिसत होतं. डाव्या डोळ्यात काचबिंदू आणि उजव्यातला मोतीबिंदू काढलेला, अशा बाईला हे सगळं दिसणं म्हणजे चैन नव्हे. छतावरचा तो नवा पांढरा दिवा पांढऱ्या फरशांवर पडला, की त्यांना सगळीकडे नुसतं दूध सांडल्यासारखं दिसे. कड नाही, खोली नाही, पाणी कुठे साचलंय ते नाही. दिवसाचा उजेड मात्र एका बाजूनं येई आणि प्रत्येक वस्तूच्या पायाशी थोडी सावली ठेवून जाई. त्या सावल्यांच्या आधारानं त्या चालत.

दिव्याच्या दुधात त्या मागच्या मंगळवारी घसरल्या होत्या. फार काही नाही, कोपर खरचटलं. पण चारुदत्त बँकेत जोखीम-विभागात होता. दिवसभर तो इतरांनी केलेल्या व्यवहारांत काय काय बिघडू शकेल याचा विचार करी, आणि संध्याकाळी तो विचार घरी घेऊन येई. बुधवारी त्यानं मोरीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. गुरुवारी जेवताना सांगितलं, की येत्या सोमवारपासून सकाळी सात वाजता एक मदतनीस बाई येईल आणि आईला आंघोळ घालेल.

"घालेल?" सविताबाईंनी विचारलं.

"म्हणजे, मदत करेल."

"दार उघडं ठेवून?"

"लोटलेलं असेल गं. आई, हिप फ्रॅक्चर झालं तर काय होतं माहितेय तुला?"

"मला एवढं माहितेय, की चौसष्ट वर्षं माझं अंग मी धुतलंय. पहिली चार माझ्या आईनं धुतलं. आता पाचव्या बाईची गरज नाही."

"पाचव्या?" राधिका, त्यांची सून, नकळत म्हणाली. "आई, मधल्या तीन कोण?"

"तुम्ही लोक मोजत बसा," सविताबाई म्हणाल्या आणि ताट उचलून उठल्या.

तर त्या फळीची गोष्ट अशी.

चार महिन्यांपूर्वी मोरी नवी केली. त्याआधी खिडकीला काचेच्या जुन्या पट्ट्या होत्या, एकावर एक, बाजूच्या दांड्यानं उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. घर घेतलं तेव्हापासूनच्या. त्यातल्या दोन फुटल्या होत्या आणि बाकीच्यांवर वर्षानुवर्षांची धूळ होती. त्या जागी एक सलग धुरकट काच आली, वर बिजागरी आणि खालून बाहेर ढकलायची. काच सुंदर होती. ढगातून आल्यासारखा उजेड येई. सविताबाई पहिल्या दिवशी आंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "चारू, पैसे वसूल."

इमारतीच्या त्या अंगाला खाच होती आणि खाचेपलीकडे, पाच-सहा मीटरवर, पलीकडच्या भागाचा उघडा जिना. लिफ्ट असल्यामुळे तो फारसं कुणी वापरत नसे. वापरत ती एक पाचव्या मजल्यावरची लिम आंटी. गुडघ्यांना व्यायाम म्हणून ती रोज सकाळी चार वेळा चढे आणि चार वेळा उतरे. तीन आठवड्यांपूर्वी तिनं राधिकाला लिफ्टपाशी गाठून कानात सांगितलं, "तुझी सासू आंघोळ करते ना, दिसतं. मी बघत नाही हं, पण दिसतं."

राधिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चारुदत्तला सांगितलं, चारुदत्तनं काचवाल्याला दोन शब्द फोनवर सुनावले, स्वस्तातली काच लावली म्हणून, आणि त्याच संध्याकाळी काळी फळी आणली. वरच्या बाजूच्या हात-दीड हात रुंद झरोक्यालाही त्यानं पट्टी मारली. मग हवा कोंडू नये म्हणून पंखा, आणि अंधार म्हणून जुन्या मंद दिव्याच्या जागी नवा पांढरा दिवा. एका दिसण्यापायी इतकं सगळं. आणि ज्या बाईचं अंग दिसलं, तिला कुणी काही विचारलं नाही.

आता फळी उतरल्यावर सविताबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की त्या काचेसमोर उभ्या राहिल्या आणि तिच्यावर नख ओढलं.

परदेशी मुलाकडे येण्याआधी सविताबाई मिरजेच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होत्या. एकतीस वर्षं त्यांनी मुलांनी फोडलेल्या काचा वेचल्या, न फोडलेल्या धुतल्या, आणि कुठल्या प्राध्यापकाला कशातलं किती कळतं याचा हिशेब मनातल्या मनात ठेवला. त्याच कॉलेजात बायकांच्या मोरीच्या खिडकीच्या सगळ्या तावदानांना प्राचार्यांनी एकदा हिरवा तैलरंग फासला होता, बाहेरून कुणी बघू नये म्हणून. बायका अंधारात चाचपडायच्या. महिनाभरानं पोंक्षेबाईंनी पत्र्याच्या तुकड्यानं वरच्या दोन तावदानांचा रंग खरवडून काढला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, हे कुणाच्या परवानगीनं? "सर," त्या म्हणाल्या होत्या, "उजेड वरून येतो आणि नजर समोरून. तुम्ही दोघांनाही एकच शिक्षा दिलीत." ती दोन तावदानं पुढे तशीच राहिली.

नख खरखरलं. काच आतून खरबरीत होती.

त्यांनी बोट ओलं करून काचेला टेकवलं. बोट काढलं तिथे, टिकलीएवढ्या जागेत, समोरच्या जिन्याचा लोखंडी कठडा स्वच्छ दिसला. त्याच्यावर बसलेली साळुंकीसुद्धा.

सविताबाई मोठ्यानं हसल्या. घासलेल्या काचेची बुचं त्यांनी आयुष्यभर धुतली होती. कोरडी असली की दुधासारखी पांढरी, ओली झाली की गायब. काच घासली की तिच्यावर बारीक ओरखड्यांचं रान माजतं, उजेड त्यात अडखळतो आणि पलीकडचं काही नीट दिसत नाही. पाणी ते ओरखडे भरून काढतं, रान सपाट होतं आणि काच पुन्हा नुसती काच होते. म्हणजे खिडकी सबंध दिवस इमानानं झाकत होती. फक्त त्यांनी डोक्यावर तांब्या ओतला, शिंतोडे उडाले, की त्याच दहा मिनिटांत ती उघडी पडत होती.

पण एवढ्यावर थांबायचं नाही, हे त्यांना प्रयोगशाळेनंच शिकवलं होतं. त्यांनी चपला घातल्या, लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेल्या आणि पलीकडच्या भागातल्या लिम आंटीची बेल वाजवली.

दोघींचं इंग्रजी आपापल्या गावचं होतं, पण कामापुरतं होतं. लिम आंटीनं दार उघडलं आणि सविताबाईंना बघून तिचा चेहरा लाल झाला.

"आंटी, मी भांडायला आले नाहीये," सविताबाई म्हणाल्या. "मला नीट सांगा, काय दिसलं, कुठल्या पायरीवरून आणि किती वाजता."

"अय्यो, इतकं कशाला?"

"कारण माझं आहे ते."

लिम आंटीनं पायात चपला सरकवल्या. "या," ती म्हणाली. "दाखवते."

जिन्यावर तिनं जागा दाखवली. चौथ्या मजल्याहून अर्धा जिना वरचं वळण. तिथून नजर खाली खिडकीत उतरत होती. "इथून. खांदे, केस, पाठ थोडी. खालच्या वळणावरून काही नाही, खिडकी उंच आहे. आणि नेहमी नाही हं. आधी पांढरं, मग एकदम..." तिनं हातानं पडदा बाजूला सारल्यासारखं केलं. मग हळूच म्हणाली, "आणि फळी लावायच्या आधी, रात्री दिवा लागला की सावली दिसायची. काळी सावली, काचेवर."

"दिवा माझ्या पाठीमागे आहे ना, म्हणून," सविताबाई म्हणाल्या. "मी मधे येते."

"तुम्ही शिक्षिका होता का?"

"नाही. शिक्षकांच्या मागे काचा धुवायचे."

दुपारी चारुदत्तनं बेसिनशेजारची फळी पाहिली आणि त्याचा आवाज चढला. सविताबाईंनी तांब्याभर पाणी काचेवर फेकलं. पाणी ओघळलं तिथे तिथे समोरचा जिना उभा राहिला.

चारुदत्तनं पुढे होऊन ओल्या काचेवर बोट फिरवलं.

"ही खरबरीत बाजू आत का लावली असेल त्या माणसानं?" राधिकानं विचारलं.

चारुदत्तनं मान खाली घातली. "त्यानं मला विचारलं होतं. कुठली बाजू आत म्हणून. मी म्हटलं, गुळगुळीत बाहेर ठेव. चौथा मजला आहे, बाहेरून पुसायला हात पोचत नाही. धूर येतो, धूळ येते. खरबरीत बाहेर ठेवली तर मळ धरेल. पाऊस धुवून नेईल असं वाटलं गुळगुळीत असली तर." तो थांबला. "मी बाहेरच्या घाणीचा विचार केला."

"वा! काय उजेड पाडलास," सविताबाई म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती. "आणि त्या बिचाऱ्या काचवाल्याला स्वस्त काचेवरून बोललास. त्याला फोन कर. नको, मीच जाते."

"आई, आपण आरशासारखी फिल्म लावू ना. बाहेरून आरसा, आतून दिसतं. मग प्रश्नच मिटला."

"दिवसा. रात्री आत दिवा लागला की आतलं बाहेर दिसेल आणि आपण आरशात बघत बसू. ज्याच्या बाजूला उजेड जास्त, तो दिसतो. इतकं साधं आहे रे."

"मग काच फक्त उलटी करू. पण सोमवारची बाई येणार. ती वेगळी गोष्ट आहे. तू पडलीस आई."

"मी अंधारात पडले. तुझ्या दिव्याच्या अंधारात." सविताबाई स्टुलावर बसल्या आणि त्याच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "ऐक. खिडकी मी करून घेते. पैसे माझे. झाली, की तू जिन्यावर उभा राहा, वर, खाली, मधे, हवं तिथे. माझ्या अंगाचा एक रंगसुद्धा दिसला, तर ती फळी मी माझ्या हातानं लावीन, आणि तुझी बाई मला बटाट्यासारखी सोलू दे. पण नाही दिसलं, तर कडी परत. आतून."

"आणि पडलीस तर?"

"तर पडेन. उजेडात पडेन."

चारुदत्तनं राधिकाकडे पाहिलं. राधिका कोथिंबीर निवडत होती आणि तिनं मुद्दाम मान वर केली नाही. "मान्य कर ना," ती कोथिंबिरीला म्हणाली. शेवटी चारुदत्तनं फोन करून बाईंचं येणं एका आठवड्यानं पुढे ढकललं. फक्त एका आठवड्यानं.

काचवाल्या गोह अंकलचं दुकान आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. सविताबाई सोमवारी सकाळी दोन बस बदलून एकट्या गेल्या. सरकारी घरांत खिडकी बदलायची तर परवानाधारक माणूसच लागतो आणि हा होता, शिवाय त्यानं काच विचारून लावली होती, म्हणजे माणूस विचारणारा होता. दुकानात भिंतीला टेकून काचा उभ्या होत्या. बाहेर एक माणूस ॲल्युमिनियम कापत होता आणि त्याचा आवाज दातांत जात होता.

"आंटी, तुमचा मुलगा मला ओरडला," गोह अंकल म्हणाला. साठीचा, बनियनवर, चष्मा कपाळावर.

"चूक त्याची होती. त्यानं कबूल केलंय. मी त्याच्या वतीनं माफी मागते आणि माझ्या वतीनं गिऱ्हाईक म्हणून आलेय."

गोह अंकलनं चष्मा नाकावर घेतला. "काच उलटी करून देतो. अर्ध्या तासाचं काम. खरबरीत बाजू बाहेर, फिनिश."

"आणि वाऱ्यासकट पाऊस आला, बाहेरून भिजली, तर?"

"तुमची खिडकी खाचेत आहे. क्वचित भिजेल."

"क्वचित हे जो आंघोळ करत नसतो त्याच्यासाठी. मला कधीच नको."

"मग खिडकी बंद, वर छोटा व्हेंटिलेटर. खूप लोक करतात. हवा येते, कुणी बघत नाही."

"हवा येते. पण त्याचा उजेड छतावर जाऊन बसतो. मला जमीन बघायचीय, अंकल. जमिनीवर मी उभी असते."

गोह अंकलनं सुस्कारा सोडला आणि नमुन्यांच्या काचांकडे हात केला. सविताबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मग एकेका नमुन्यावर त्या पाणी ओतू लागल्या. "अय्यो आंटी, दुकान आहे हे, लाह!" तो इथल्या बोलीच्या लकबीत ओरडला. त्या थांबल्या नाहीत. घासलेल्या सगळ्या काचा एकामागून एक फितूर झाल्या. उभ्या पन्हळीची एक टिकली, पण तिच्यातून त्यांच्या लाल पिशवीचे पट्टे दिसत होते. शेवटी कोपऱ्यातली एक धुळकट, दाणेदार काच निघाली, साबुदाण्याच्या पापडीसारखी फुगीर दाण्यांची. तिच्यावर अर्धी बाटली रिकामी केली तरी ती तशीच राहिली. पिशवी मागे धरली तर नुसता तांबूस डाग, पिशवी आहे की फूल की आग, कळू नये असा.

"ही का नाही धुतली जात?" गोह अंकलनं विचारलं. आता त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हिचे दाणे मोठे आहेत. काच गरम असतानाच साच्यात दाबून केलेले. पाण्याचा पातळ थर त्यांना बुजवू शकत नाही. घासलेल्या काचेचे ओरखडे डोळ्याला न दिसणारे, ते लगेच भरतात."

"ही जुनी काच, आंटी. आता कुणी मागत नाही. पूर्वी पट्ट्यांच्या खिडक्यांना हीच लावायचो."

"मग पट्ट्याच लावा."

गोह अंकल हसला. "लोक माझ्याकडे पट्ट्या काढायला येतात."

"माझ्याही काढल्या. कुणी मला विचारलं नव्हतं."

पट्ट्या शुक्रवारी बसल्या. गोह अंकल स्वतः आला. सहा इंच रुंदीच्या सहा दाणेदार पट्ट्या, बाहेरची कड खाली आणि आतली वर, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच ओघळेल. वरचा झरोका त्यानं साफ करून मोकळा केला. दिवाही सविताबाईंनी त्याच्या ओळखीच्या वीजवाल्याकडून खिडकीवरच्या भिंतीवर हलवून घेतला. आता रात्री दिवा त्यांच्या आणि काचेच्या मधे असणार होता, पाठीमागे नाही. सावली पडलीच तर समोरच्या कोऱ्या भिंतीवर पडेल. तिथे कुणी राहत नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसातला परीक्षा झाली.

सविताबाई मोरीत उभ्या राहिल्या, अंगात रोजचा गाऊन आणि हातात घरातला सगळ्यात भडक लाल टॉवेल. खिडकीची खालची कड त्यांच्या कपाळापाशी येत होती. चार फूट अकरा इंचांच्या उंचीचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होत होता. राधिका दाराशी फोन घेऊन उभी. पलीकडे जिन्यावर चारुदत्त, आणि त्याच्याशेजारी लिम आंटी, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

"पट्ट्या सगळ्या उघडतेय," सविताबाई म्हणाल्या आणि दांडा पूर्ण खाली ओढला. टॉवेल डोक्यावरून खांद्यावर घेतला.

फोनमधून चारुदत्तचा आवाज आला. "वरच्या वळणावर आहे. काही दिसत नाही. पट्ट्याच दिसतात." पावलं. "खालच्या वळणावर. छत दिसतंय. पांढरं छत." पावलं. मग जवळजवळ आनंदानं, "मधल्या पायऱ्यांवर! बरोबर समोर! दिसतंय आई! लाल दिसतंय! पट्ट्यांच्या मधून स्वच्छ दिसतंय!"

राधिकानं डोळे मिटले. जिन्यावर लिम आंटी काहीतरी पुटपुटली.

"ओरडू नकोस, खाली मार्केटात ऐकू जाईल," सविताबाई म्हणाल्या. त्यांचा हात दांड्यावर होता. त्यांना वाटलं, आता कुणी आत येऊन हा टॉवेल आपल्या हातून घेईल आणि म्हणेल, चला आजी. तसं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी काय केलं असतं हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. "तिथेच उभा राहा. हलू नकोस. मी हळूहळू वर घेतेय. दिसायचं थांबलं की सांग."

दांडा किंचित वर सरकला. पट्ट्या एकमेकींच्या जवळ आल्या.

"दिसतंय."

आणखी.

"दिसतंय. बारीक पट्टे."

आणखी. एका पट्टीची वरची कड आणि वरच्या पट्टीची खालची कड एका रेषेत आल्या. आतल्या उजेडात काहीच फरक पडला नाही. वाऱ्याची झुळूक अजून गालाला लागत होती.

फोन गप्प होता.

"चारू?"

"नाही दिसत."

"टॉवेल हलवतेय."

"नाही दिसत आई."

"वर जा. खाली जा. परत मधे ये."

पावलं वर गेली, खाली गेली, परत मधे आली. खालच्या वळणावरून तो म्हणाला, "छत. आणि... बोटं का?"

"हात वर केलाय मी. खाली करते."

"आता काही नाही."

"माझी बोटं माझ्या परवानगीनं दिसतात," सविताबाई म्हणाल्या. "राधिका, पेन्सिल दे."

त्यांनी दांड्याशेजारी चौकटीवर जिथे दांडा थांबला होता तिथे रेघ मारली. दुपारी गोह अंकलनं त्या रेघेवर एक छोटा स्क्रू बसवला. त्याच्यापलीकडे दांडा जायचाच नाही. पट्ट्या साधारण पाव उघडणार, त्याहून जास्त नाही. मग गोह अंकलनं स्वतः हात धुतले, ओंजळभर पाणी पट्ट्यांवर मारलं आणि जिन्यावर जाऊन बघून आला. आल्यावर म्हणाला, "फिनिश." सविताबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि तो दोन कप प्यायला.

संध्याकाळी चारुदत्तनं खिशातून मोरीची जुनी कडी काढली. त्या कडीबरोबर त्यानं दुसरीही एक आणली होती, नवी, आतून फिरवायची पण बाहेरून नाण्यानं उघडता येणारी. "ही लावतो," तो म्हणाला. "आतूनच बंद होते. पण काही झालंच तर मला नाणं घालून उघडता येईल. आई, माझ्यासाठी."

सविताबाईंनी दोन्ही कड्या हातात घेऊन तोलल्या. हा पोरगा लहानपणी झोपेत त्यांचा पदर मुठीत धरून ठेवायचा. आता नाणं धरून ठेवणार होता.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण हाक मारल्याशिवाय नाणं घालायचं नाही. तीनदा हाक. मी उत्तर दिलं नाही तरच."

"दोनदा."

"तीन. आणि सोमवारच्या बाईंना आत्ता फोन कर, माझ्यासमोर."

त्यानं केला. समोरच्याला त्यानं सांगितलं, की आईला गरज नाही. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला, जोखमीच्या कागदावर सही करताना जात असावा तसा.

सोमवारी सकाळी सात वाजता सविताबाई मोरीत गेल्या. दार लावलं, कडी फिरवली. पट्ट्यांमधून आलेला उजेड आधी छतावर गेला, तिथून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर उतरला, आणि पट्ट्यांच्या दाण्यांतून झिरपलेला सरळ पाण्यावर येऊन बसला. उतार दिसत होता. साबण दिसत होता. पायाच्या अंगठ्याचं नख दिसत होतं, कापायला झालेलं. त्यांनी तांब्या भरला आणि डोक्यावर ओतला. शिंतोडे पट्ट्यांवर उडाले आणि पट्ट्या तशाच राहिल्या, फुगीर, धुरकट, कुणाचंही काही न सांगणाऱ्या. बाहेर जिन्यावर लिम आंटीच्या चपला चढत होत्या, थांबत होत्या, उतरत होत्या. सविताबाईंनी खांद्याला साबण लावला, सावकाश.

दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली.

"आई?"

त्या गप्प राहिल्या. तांब्या भरत होता.

"आई, ठीक आहेस ना?"

एक झाली, दोन झाल्या. त्यांना बाहेर नाण्याचा खुळखुळाट ऐकू आला.

"चारू," त्या आतून म्हणाल्या, "एवढीच काळजी असेल तर जिन्यावर जाऊन बघ. दिसतंय का सांग."

आणि उरलेला तांब्या त्यांनी डोक्यावर ओतला.